‘थोडे अवघड आहे’ या उत्तराचा अर्थ: पुण्यातील एक संघ आणि जपानी ग्राहकाला पाठवलेला विलंबाचा संदेश

पार्श्वभूमी

हे प्रकरण 2022 च्या जुलै-ऑगस्टमधील आहे. पुण्यातील एक मध्यम आकाराची सॉफ्टवेअर कंपनी जपानमधील एका यंत्रभाग वितरकासाठी गोदामाची प्रणाली तयार करत होती. त्या कंपनीत मी जपानी भाषेची समन्वयक म्हणून काम करत होते. दोन्ही कंपन्यांची ओळख पटू नये म्हणून नावे, शहर आणि कामाचे काही तपशील गाळले आहेत. तारखा मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत, कारण या प्रकरणात कॅलेंडरचा वाटा मोठा आहे.

ग्राहकाकडे आमचा रोजचा संबंध एका ‘काचो’शी, म्हणजे विभागातील एका उपशाखेच्या प्रमुखाशी होता. त्यांच्यावर ‘बुचो’, म्हणजे संपूर्ण विभागाचे प्रमुख होते, आणि प्रणाली प्रत्यक्ष वापरणार होते ते गोदामाचे प्रमुख. काचोंना इंग्रजी चांगले वाचता येत असे, त्यामुळे रोजचा पत्रव्यवहार इंग्रजीतच चाले. माझ्याकडे तांत्रिक दस्तऐवजांचे भाषांतर आणि पंधरवड्याच्या बैठकीतील दुभाषाचे काम होते. ईमेल माझ्या नजरेखालून जात नसत, आणि ते जावेत असे तोपर्यंत कोणालाही वाटले नव्हते. मलाही नाही.

29 जुलैला, शुक्रवारी, लेबल छापण्याचा आणि हातातल्या स्कॅनरवर वाचण्याचा भाग ग्राहकाच्या हाती पडायचा होता. सप्टेंबरअखेरीस, म्हणजे त्यांच्या आर्थिक वर्षाचा पूर्वार्ध संपताना, गोदामातील मालाची प्रत्यक्ष मोजणी होते, आणि ती नव्या प्रणालीवर करायचे त्यांच्याकडे ठरले होते.

5 जुलैच्या बैठकीत काचो ओघात म्हणाले होते की लेबलाच्या स्वरूपाबाबत त्यांच्याकडे अंतर्गत चर्चा चालू आहे आणि कदाचित थोडा बदल संभवतो. मी ते वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत सांगितले, इतिवृत्तात त्याची एक ओळही झाली, आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळली. दहा दिवसांनी नवीन नमुना आला तेव्हा लॉट क्रमांक 8 अक्षरांवरून 12 अक्षरांवर गेला होता आणि जुन्या बारकोडच्या जागी क्यूआर कोड आला होता. कामाचा हिशेब केल्यावर 8 कामाचे दिवस वाढत होते.

पाठवलेला संदेश

19 जुलैला, मंगळवारी, संध्याकाळी साडेपाच वाजता आमच्या प्रकल्प प्रमुखांनी ईमेल पाठवले. मूळ मजकूर इंग्रजीत होता. मराठीत तो साधारण असा होतो:

> हाय, एक छोटा अपडेट. तुम्ही लेबलचा फॉरमॅट बदलल्यामुळे रिलीज 29 जुलैऐवजी 10 ऑगस्टला होईल. काळजी नको, टीम पूर्ण जोर लावून काम करते आहे. आज दिवसअखेर ओके कळवा, म्हणजे प्लॅन फायनल करतो. थँक्स!

ईमेल काचोंच्या नावे होते, आणि प्रती बुचोंना व गोदाम प्रमुखांना होत्या. प्रकल्प प्रमुखांचा हेतू पूर्णपणे चांगला होता. उशीर होणार हे कळताच त्यांनी ते लपवले नाही, कारण सांगितले, नवी तारीख दिली आणि सर्व संबंधितांना एकाच वेळी कळवले. पुण्यातल्या किंवा अमेरिकेतल्या ग्राहकाने या ईमेलचे स्वागतच केले असते. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर या ईमेलकडे ‘उद्धट ईमेल’ म्हणून पाहिले गेले आणि ते न्याय्य नव्हते.

अडचण

उत्तर दोन दिवसांनी, 21 जुलैला आले. त्यात माहितीबद्दल आभार होते, अंतर्गत तपासून पाहतो असे होते, आणि वेळापत्रकाच्या बाबतीत ‘कदाचित थोडे अवघड असू शकेल’ असे एक वाक्य होते. शेवटी आमच्या सहकार्याची विनंती होती. संघाने याचा अर्थ असा लावला की ग्राहक जरा नाराज आहे, पण मान्य आहे. 10 ऑगस्ट ही तारीख वेळापत्रकात पक्की झाली.

25 जुलैच्या बैठकीला मी दुभाषी म्हणून बसले तेव्हा मला या पत्रव्यवहाराची काहीच कल्पना नव्हती. बैठकीत काचोंनी एकच प्रश्न तीन वेळा, थोड्या वेगवेगळ्या शब्दांत विचारला: 10 ऑगस्ट ही तारीख आपण कशी ठरवलीत? आमच्या बाजूने तिन्ही वेळा कामाच्या दिवसांचा हिशेब सांगितला गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी ‘समजले’ म्हटले आणि ते बराच वेळ गप्प राहिले. पुढच्या तिमाहीच्या कामाचा विषय त्या दिवशी निघायचा होता. तो पुढे ढकलावा असे त्यांनी सुचवले.

बैठक संपल्यावर मी प्रकल्प प्रमुखांकडे ईमेल मागितले आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचले. सर्वांत आधी नजरेत भरले ते शब्द नव्हते. आमच्या ईमेलवर तीन जणांची नावे होती आणि उत्तर फक्त प्रकल्प प्रमुखांना आले होते. काचोंनी आपल्या वरिष्ठांची नावे उत्तरातून काढून टाकली होती. याचा अर्थ ते हा विषय वरिष्ठांसमोर उघडपणे हाताळू शकत नव्हते.

दुसरी खूण ‘अवघड’ या शब्दात होती. जपानी व्यावसायिक बोलण्यात ‘मुझुकाशी’, म्हणजे अवघड, हा शब्द प्रस्तावाच्या उत्तरात आला की तो बहुतेक वेळा नकार असतो. ‘केन्तो’ करतो, म्हणजे विचार करून पाहतो, हेही संदर्भानुसार खराखुरा विचार असू शकतो किंवा सौम्य नकार. मराठी माणसाला हे परके वाटायचे कारण नाही. कोणी आग्रहाने जेवायला बोलावले आणि आपण ‘बघू, सांगतो’ म्हटले, तर पान वाढून ठेवायचे नाही हे यजमानाला बरोबर कळते. अडचण इतकीच की तोच शब्द इंग्रजीत ‘थोडे अवघड’ म्हणून आला की आपण त्याला अडचणीचे मोजमाप समजतो आणि म्हणतो, थोडेच ना, मग निभेल.

तिसरी गोष्ट मला ईमेलमध्ये दिसली नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये दिसली. 11 ऑगस्टला जपानमध्ये पर्वतदिनाची राष्ट्रीय सुट्टी असते आणि 13 ते 16 ऑगस्टच्या सुमारास ओबोन, म्हणजे पितरांच्या स्मरणाचा काळ असतो, तेव्हा बऱ्याच कंपन्या बंद असतात. आमचा ग्राहक 11 ते 16 बंद राहणार होता. 10 ऑगस्टला संध्याकाळी पोचलेली गोष्ट त्यांच्या दृष्टीने 17 ऑगस्टला पोचलेली होती. आमचे 8 कामाचे दिवस त्यांच्याकडे जवळजवळ तीन आठवडे होत होते. काचो तीन वेळा जे विचारत होते ते हेच होते: ही तारीख ठरवताना तुम्ही आमच्याकडे पाहिलेत का?

संदेशात नेमके काय बिघडले होते

असे प्रसंग आले की पहिला विचार अभिवादनाचा होतो: ‘हाय’ नको होते, ‘थँक्स’पुढचे उद्गारचिन्ह नको होते. ते खरे आहे, पण ते वरवरचे आहे. परदेशी माणसाच्या इंग्रजी ईमेलमधील मोकळेपणा जपानी ग्राहक पुष्कळ समजून घेतात. आमच्या काचोंनी याआधी वर्षभर तो समजून घेतला होता.

त्या संदेशाचे त्यांना काहीच करता येत नव्हते, हे खरे बिघडलेपण होते. उशिराची बातमी काचोंकडून पुढच्या प्रवासाला निघते. ती त्यांना जपानीत मांडून बुचोंना द्यावी लागते, बुचो ती गोदाम प्रमुखांशी बोलतात, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी विचारते की असे का झाले, आता काय करणार आणि पुन्हा होणार नाही याची काय व्यवस्था. आमच्या संदेशात यांपैकी पहिल्याच प्रश्नाचे उत्तर होते, आणि ते होते ‘तुम्ही बदल केला म्हणून’. काचोंनी ते वरिष्ठांना कसे सांगायचे? लेबल बदलण्याची चर्चा त्यांच्याच कंपनीत, बहुधा त्यांच्याही वरच्या पातळीवर झाली होती.

त्याहून वाईट म्हणजे प्रतींमुळे वरिष्ठांना ही बातमी काचोंच्या बरोबरीनेच कळली. महत्त्वाच्या विषयावर आधी संबंधितांशी एकेकट्याने बोलून जमीन तयार करण्याच्या रीतीला जपानीत ‘नेमावाशी’ म्हणतात. झाड हलवण्यापूर्वी मुळांभोवती खणून ती मोकळी करण्याच्या कामावरून हा शब्द आला आहे. आमच्या ईमेलने काचोंना त्यासाठी एक तासही दिला नव्हता. शिवाय जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. आमच्या साडेपाचला तिकडे रात्रीचे नऊ वाजले होते, आणि आम्ही ‘आज दिवसअखेर’ होकार मागत होतो.

विचारात घेतलेले पर्याय

25 तारखेला संध्याकाळी प्रकल्प प्रमुख, त्यांचे वरिष्ठ असलेले वितरण प्रमुख, आमच्या करार विभागाच्या मॅडम आणि मी असे चौघे बसलो.

पहिला पर्याय होता तोच मजकूर अधिक सभ्य इंग्रजीत पुन्हा पाठवण्याचा. हा सोपा होता, पण त्याने कारण, तारीख आणि प्रती यांतले काहीच बदलत नव्हते. दुसरा पर्याय वितरण प्रमुखांनी सुचवला: ताबडतोब जपानीत सविस्तर क्षमापत्र, थेट बुचोंच्या नावे. वरिष्ठाने वरिष्ठाला लिहिणे जपानी रीतीला धरून होते आणि मीही सुरुवातीला त्याच बाजूची होते. पण असे पत्र काचोंना न विचारता गेले असते तर 19 तारखेचीच चूक अधिक सुंदर भाषेत पुन्हा झाली असती. तिसरा पर्याय होता काचोंना आधी फोन करण्याचा, पत्राचा मसुदा त्यांच्याशी बोलून ठरवण्याचा, आणि मग औपचारिक पत्र पाठवण्याचा. यात एक दिवस जाणार होता आणि 29 तारीख चार दिवसांवर आली होती. तरीही आम्ही तिसराच पर्याय निवडला.

यापुढचा वाद मोठा झाला, आणि तो या प्रकरणाचा गाभा आहे असे मला वाटते. पत्रात लेबलाच्या बदलाचा उल्लेख करायचा की नाही? प्रकल्प प्रमुख म्हणाले, “मी खोटं काही लिहिलेलं नाही. बदल त्यांनी केला. आता माफीही आपणच मागायची, तर माझ्या मुलांनी रात्री जागून केलेल्या कामाला काय अर्थ राहिला?” करार विभागाच्या मॅडमची काळजी वेगळी होती. लेखी क्षमा मागितली की वाढीव कामाचा खर्च मागण्याचा आपला हक्क गेला असे उद्या कोणी म्हणेल, असे त्यांचे म्हणणे होते.

दोघांचेही म्हणणे रास्त होते. तोडगा 5 जुलैच्या इतिवृत्तात सापडला. ‘थोडा बदल संभवतो’ हे आम्हाला कळवले गेले होते, आणि ‘किती बदल, कधीपर्यंत कळेल’ हे आम्ही लेखी विचारले नव्हते. हा दोष निर्विवादपणे आमचा होता आणि जपानीत त्याला नेमका शब्द आहे: ‘काकुनिन बुसोकु’, खातरजमा अपुरी पडणे. त्याबद्दल क्षमा मागण्यात खोटेपणा नव्हता. 5 जुलैची तारीख पत्रात आली की बदल तिकडून आला हे वाचणाऱ्याला न सांगता कळत होते. खर्चाचा विषय या पत्रात अजिबात आणायचा नाही आणि तो नंतर वेगळ्या बैठकीत काढायचा, असे ठरले. क्षमेचे वाक्यही झालेल्या गैरसोयीपुरते आणि खातरजमेतील उणिवेपुरते मर्यादित ठेवले.

प्रत्यक्ष कृती

26 जुलैला मी काचोंना फोन केला. आपले सकाळचे साडेआठ ते साडेनऊ म्हणजे जपानमधील जेवणाची सुट्टी, म्हणून दहा वाजेपर्यंत थांबले. ‘गेल्या आठवड्याच्या पत्राने आपल्याला अडचणीत टाकले, त्याबद्दल आमच्याकडून क्षमस्व’ एवढेच प्रथम म्हटले आणि थांबले. तारीख, कारण, उपाय यांतले काहीही बोलले नाही. थोड्या शांततेनंतर त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली. 1 ऑगस्टपासून स्कॅनरची चाचणी सुरू होईल असे बुचोंनी गोदाम प्रमुखांना आधीच कबूल केले होते. चाचणीसाठी दोन माणसे वेगळी काढली होती. संपूर्ण भाग आला नाही तरी चालेल, पण 1 तारखेला त्या दोघांच्या हातात काहीतरी हवे.

ही माहिती आम्हाला कोणत्याही ईमेलमधून मिळाली नसती. ती कळताच उपायही बदलला. लेबल वगळता बाकीचा भाग, म्हणजे माल जमा करणे, जागा नोंदवणे आणि स्कॅनरची मूळ पडदेरचना, 29 जुलैलाच देता येत होता. तो तयारच होता, आम्ही फक्त सर्व एकत्र द्यायचे म्हणून धरून ठेवला होता. दुसऱ्या कामावरची दोन माणसे घेऊन लेबलाचा भाग 10 ऐवजी 5 ऑगस्टला देणे शक्य झाले, म्हणजे सुट्टीपूर्वी ग्राहकाला 8, 9 आणि 10 असे तीन कामाचे दिवस मिळत होते.

पत्राचा मसुदा माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याने केला आणि मी तपासला. जपानी व्यावसायिक पत्राला ठरलेला सांगाडा असतो. विषयाच्या ओळीतच चौकटी कंसात ‘अहवाल व क्षमायाचना’ असे येते, म्हणजे उघडण्यापूर्वीच पत्राचे वजन कळते. मग कंपनीचे पूर्ण नाव, विभाग, पद आणि नाव. नावापुढे ‘सामा’ हा आदरार्थी प्रत्यय लागतो. पदालाच तो जोडून ‘बुचो-सामा’ लिहिणे चूक ठरते, कारण पदनामात आदर आधीच असतो. मसुद्यात नेमकी तीच चूक होती. दुसरी चूक त्याहून नकळत झाली होती: आमच्याच वितरण प्रमुखांच्या नावापुढे ‘सान’ लागले होते. बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या कंपनीतल्या वरिष्ठांनाही आदरार्थी प्रत्यय लावत नाहीत. आपल्याकडे साहेबांचा उल्लेख परक्यासमोरही ‘साहेब’ असाच होतो, त्यामुळे हे हाताला सवयीचे होत नाही. आपल्या ‘सा.न.वि.वि.’सारखे ‘नेहमी आपला लोभ आहे’ अशा अर्थाचे ठरीव वाक्य सुरुवातीला येते. ते गाळले तर चुकल्यासारखे दिसते आणि सजवले तरीही.

गाभा मात्र अगदी रोखठोक होता. मराठीत तो असा:

> 29 जुलै रोजी देण्याचे ठरलेल्या भागापैकी लेबल छपाईचा भाग त्या तारखेस देणे आम्हांस शक्य होणार नाही. यामुळे आपल्या चाचणीच्या नियोजनास बाधा आली, याबद्दल मनःपूर्वक क्षमा मागतो.
>
> 5 जुलैच्या बैठकीत लेबलाबाबत आपण दिलेल्या सूचनेनंतर तिचा आवाका व निश्चितीची तारीख आम्ही लेखी विचारून घेतली नाही. आमची खातरजमा अपुरी पडली.
>
> लेबल वगळता सर्व भाग 29 जुलै रोजी, व लेबलाचा भाग 5 ऑगस्ट रोजी दुपारी 3 पर्यंत (जपानची वेळ) सादर करू. यापुढे बैठकीत निघालेल्या प्रत्येक संभाव्य बदलाबाबत 2 कामाच्या दिवसांत लेखी प्रश्न पाठवू.
>
> वरील नियोजनात आपल्या दृष्टीने काही अडचण असल्यास कृपया कळवावे, अशी नम्र विनंती आहे.

यातील पहिले वाक्य सौम्य करावे असा सहकाऱ्याचा आग्रह होता. ‘शक्य होईल की नाही याबाबत साशंकता आहे’ असे काहीतरी. मी ते मानले नाही. अप्रत्यक्ष लिहिणे म्हणजे तारीख धूसर करणे नव्हे. धूसर ठेवायचा असतो दोषारोप, मागणी आणि नकार. वस्तुस्थिती आणि आकडे जपानी अहवालात उलट अधिक काटेकोर असतात.

मसुदा काचोंना आधी अनौपचारिकपणे पाठवला. त्यांनी दोन बदल सुचवले: जुन्या व नव्या तारखा शेजारी शेजारी दाखवणारा छोटा तक्ता जोडावा, आणि ‘सूचनेनंतर’च्या आधी आम्ही ठेवलेला ‘बदलाच्या’ हा शब्द काढावा. तो शब्द आम्ही बेसावधपणे ठेवला होता, आणि वर दिलेला मजकूर तो काढल्यानंतरचा आहे. मग ते म्हणाले, “हे मी वर नेऊ शकतो.” 27 जुलैला वितरण प्रमुखांच्या सहीने पत्र बुचोंच्या नावे गेले आणि प्रत काचोंना.

परिणाम

28 जुलैला बुचोंचे चार ओळींचे उत्तर आले: नियोजन समजले, मान्य आहे, आपल्या त्वरित कार्यवाहीबद्दल आभार. या वेळी प्रतींत सर्वांची नावे होती. पहिला भाग 29 ला, दुसरा 5 ऑगस्टला पोचला. चाचणीत एका जुन्या प्रकारच्या स्कॅनरला क्यूआर कोड वाचता येत नव्हता. ती दुरुस्ती 9 ऑगस्टला गेली. सप्टेंबरअखेरची मोजणी नव्या प्रणालीवर झाली.

सगळेच भरून आले असे मात्र नाही. पुढच्या तिमाहीचे काम अपेक्षेपेक्षा एक महिना उशिरा मिळाले आणि त्यात दर पंधरवड्याला जपानीत लेखी प्रगती अहवाल देण्याची नवी अट होती. वाढीव कामाच्या खर्चापैकी काही भाग ऑक्टोबरच्या चर्चेत मान्य झाला, पूर्ण झाला नाही. क्षमापत्रामुळे तो कमी झाला की पत्रामुळेच तेवढा तरी मिळाला, यावर करार विभागाच्या मॅडमचे आणि माझे आजही एकमत नाही.

काय वेगळे करता आले असते

पहिली संधी 5 जुलैलाच होती, आणि ती माझ्या हातून गेली. ‘कदाचित थोडा बदल संभवतो’ हे वाक्य मी शब्दशः पोचवले. ग्राहकाचा माणूस अंतर्गत चर्चेचा उल्लेख बाहेरच्यांसमोर करतो तेव्हा तो बहुधा आगाऊ इशारा देत असतो, हे मला माहीत होते. बैठकीनंतर दोन मिनिटे घेऊन ‘हा बदल येणार असे धरून चालू या’ असे संघाला सांगणे माझ्या कामाच्या चौकटीत बसत नाही असे मी मानले. तसे मानायला नको होते.

दुसरी संधी 21 जुलैच्या उत्तराची होती. चार दिवस ते उत्तर संमती म्हणून फाइलमध्ये पडून राहिले. तेव्हापासून आम्ही एवढेच केले की ग्राहकाच्या उत्तरात तारीख नसेल, किंवा ‘अवघड’, ‘विचार करू’, ‘तपासून पाहू’ यांपैकी काही असेल, तर ती संमती मानायची नाही आणि त्याच दिवशी फोन करायचा. फोनवरही ‘हो की नाही’ असे विचारायचे नाही. ‘कोणत्या बाबतीत आम्ही काही बदल केल्यास आपल्याला सोयीचे होईल’ असे विचारायचे, म्हणजे समोरच्याला नकार न उच्चारता अडचण सांगता येते.

या धड्याचा अतिरेकही झाला. ऑगस्टनंतर संघातील सर्वजण इतके सावध झाले की ‘सर्व्हर पुन्हा सुरू केला’ एवढे कळवायलाही चॅटवर ठरीव अभिवादनासह दहा ओळी जाऊ लागल्या. एके दिवशी काचोंनीच फार हळुवारपणे लिहिले की रोजच्या निरोपांत एवढा त्रास घेतला नाही तरी चालेल. त्याहून गंभीर प्रसंग सप्टेंबरमध्ये झाला. साठ्याचा आकडा काही वेळा दुप्पट दिसण्याचा दोष आढळला, आणि कळवणाऱ्याने ‘काही परिस्थितींत आकड्यांबाबत किंचित काळजी घेणे इष्ट ठरू शकेल’ असे लिहिले. ग्राहकाने त्याला वापराविषयीची सर्वसाधारण सूचना समजून बाजूला ठेवले आणि दोन दिवस चुकीचा आकडा तसाच राहिला. दोष, धोका आणि तारीख या तीन गोष्टी कळवताना पहिल्याच वाक्यात सरळ लिहायचे आणि नम्रता त्याच्या आजूबाजूला ठेवायची, हा नियम आम्ही त्यानंतर केला.

अप्रत्यक्ष बोलणे हा देशाचा स्वभाव समजण्याची चूकही आम्ही थोडीफार केली. गोदाम प्रमुख समोरासमोर अतिशय स्पष्ट बोलत, कधी कधी आमच्या प्रकल्प प्रमुखांपेक्षाही. औपचारिकता लागत होती ती वर-खाली प्रवास करणाऱ्या लिखित मजकुराला. त्या माणसाशी थेट बोलताना ती तितकी लागत नव्हती.

पुढच्या एप्रिलमध्ये त्या काचोंची बदली झाली. जपानी कंपन्यांत आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला अशा बदल्या होत असतात. नवे काचो आले तेव्हा प्रकल्प प्रमुखांनी मला पहिल्याच आठवड्यात बोलावले आणि म्हणाले, “या वेळी आधीच विचारून घेऊ.” आम्ही ओळखीच्या बैठकीत नम्रपणे विचारले की एखादे काम लांबणार असे दिसले तर ते आपल्याला कोणत्या प्रकारे कळवलेले सोयीचे होईल. नव्या काचोंनी क्षणभरही न थांबता सांगितले: आधी मला फोन, कागद मी सांगेन तेव्हा. प्रकल्प प्रमुखांनी ते वहीत लिहून घेतले आणि खाली त्यांचा नंबर मागून घेतला.